सुधारित मसुदा आणि जुने अभिप्राय : तपासणीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, पुणे

गेल्या वर्षी आमच्या विभागात एकाच लघुशोधप्रबंधाचा सुधारित मसुदा दोन परीक्षकांनी तपासला. 'सुधारणा केली : होय / नाही' असा एकच रकाना असलेल्या पत्रकावर एकाने बहुतेक सर्व टिप्पण्यांपुढे 'होय' लिहिले आणि दुसऱ्याने जवळजवळ निम्म्यांपुढे 'नाही'. दोघांनीही मसुदा प्रामाणिकपणे वाचला होता. चर्चेत लक्षात आले की पहिल्याने 'मजकुरात बदल झाला का' हे तपासले होते आणि दुसऱ्याने 'मूळ शंका फिटली का' हे. त्या एका रकान्यात दोन वेगळे प्रश्न कोंबलेले होते. म्हणून या सत्रात एक प्रबंध नमुन्यादाखल घेऊन, टिप्पणीगणिक तपासणी करून, नवे नोंदपत्रक तयार करायचे ठरले आहे. ते काम माझ्याकडे आहे आणि त्याच्या नोंदी येथे ठेवत आहे.

निवडलेला प्रबंध सिंहगड रस्त्यावरील दोन गृहनिर्माण सोसायट्यांमधील ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाबद्दल आहे. एका सोसायटीत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद रोज दारोदार येऊन कचरा घेतात. दुसरीत रहिवासी खालच्या मोठ्या डब्यांत कचरा टाकतात आणि तो तेथून उचलला जातो. विद्यार्थिनीने प्रत्येक सोसायटीतील ३० कुटुंबांना प्रश्नावली दिली आणि शिवाय सहा कचरावेचक महिलांच्या मुलाखती घेतल्या. पहिल्या मसुद्यावर मी डिसेंबरमध्ये २१ टिप्पण्या दिल्या होत्या. सुधारित मसुदा ३१ जानेवारीला आला असून सोबत तिने मुद्देसूद उत्तरपत्रकही जोडले आहे.

ते उत्तरपत्रक मी अद्याप उघडलेले नाही. 'सुधारणा केली, अमुक पृष्ठ पाहा' असे आधी वाचले की डोळा सरळ त्या पृष्ठावर जातो, तेथे नवा परिच्छेद सापडतो आणि समाधान होते. विद्यार्थिनीने दाखवलेली जागा पाहायची आहेच, पण तिने न दाखवलेल्या जागा पाहून झाल्यानंतर.

४ फेब्रुवारी

आज नवा मसुदा बाजूला ठेवून फक्त माझ्या २१ टिप्पण्या वाचल्या आणि प्रत्येकीखाली एका वाक्यात लिहिले की ही टिप्पणी करताना माझ्या मनात नेमका कोणता प्रश्न होता. हे काम अर्ध्या तासाचे वाटले होते, पण त्यात सकाळ गेली. टिप्पणी हा बहुतेक वेळा प्रश्नाचा संक्षेप असतो, आणि दोन महिन्यांनी तो संक्षेप मलाच उलगडून पाहावा लागतो, तेव्हा विद्यार्थिनीला तो किती कळला असेल याचा अंदाज येतो.

टिप्पणी ७ अशी होती : "हे उत्तरदात्यांचे सांगणे आहे, प्रत्यक्ष निरीक्षण नाही. त्यानुसार मांडणी करावी." तिच्यामागचा प्रश्न आज असा लिहिला : प्रबंधाचे निष्कर्ष लोक काय करतात याबद्दल आहेत की लोक काय सांगतात याबद्दल, आणि हाती असलेल्या पुराव्याने त्यांपैकी काय सिद्ध होते? टिप्पणी १५ होती : "साठ घरांवरून पुण्याबद्दल बोलता येणार नाही, नमुना वाढवावा." तिच्यामागचा प्रश्न : केलेले विधान आणि त्यामागचा नमुना यांचा आवाका जुळतो का? येथे माझ्या हे लक्षात आले की टिप्पणीत मी प्रश्न आणि उपाय दोन्ही एकाच वाक्यात दिले होते आणि उपाय एकच असल्यासारखा दिला होता.

टिप्पणी २० मात्र उलगडता येईना. "विश्लेषण अधिक सखोल हवे" एवढेच मी लिहिले होते. कोणते विश्लेषण, कोणत्या पृष्ठावरचे, काय केल्याने ते सखोल झाले असे मी मानले असते, यांतले काहीही त्या ओळीत नाही. सुधारित मसुदा हाती घेऊन या टिप्पणीपुढे 'नाही' असे लिहिणे मला सहज जमले असते आणि कोणालाही ते खोडून काढता आले नसते, हेच त्यातले गैर आहे. जे विधान तपासता येत नाही, त्याच्या पूर्ततेचा भार विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही. म्हणून पत्रकात 'टिप्पणी तपासण्याजोगी नव्हती' अशी वेगळी नोंद ठेवत आहे आणि तिचा दोष टिप्पणी देणाऱ्याकडे राहील, असे त्याच ओळीत लिहीत आहे.

शेवटी नवा मसुदा उघडला, तेव्हा भाषा, समास आणि संदर्भलेखन यांविषयीच्या चार टिप्पण्या पाच मिनिटांत पाहून झाल्या. चारही पूर्ण झाल्या आहेत.

६ फेब्रुवारी

दोन्ही मसुदे शेजारी ठेवून झालेले बदल शोधले. विद्यार्थिनीने बदलांचा मागोवा चालू ठेवून फाईल पाठवली होती, त्यामुळे रंगीत खुणा दिसत होत्या, पण त्यांवर विसंबून राहिले नाही. मागोवा चालू असताना केलेले बदलच त्यात दिसतात. मध्येच तो बंद झाला असेल किंवा काही बदल आधीच स्वीकारले गेले असतील, तर ते दिसत नाहीत. वर्डमध्ये `Review` मधील `Compare` वापरून डिसेंबरची आणि आताची फाईल समोरासमोर लावली की संपूर्ण फरक मिळतो. त्यातून मांडणीतील बदल वगळले की उरलेला फरक वाचण्याजोगा होतो. दोन्ही मसुदे वर्ड फाईलच्या रूपात मागून घेतले होते, ते उपयोगी पडले. पीडीएफमधून मराठी मजकूर काढला की पुष्कळदा जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटतात आणि मग तुलनेत न बदललेले शब्दही बदललेले दिसतात.

एका गोष्टीची नोंद मुद्दाम करते. फाईलमधील माझ्या १९ टिप्पण्या `Resolve` करून फिकट झालेल्या होत्या. ती खूण विद्यार्थिनीने केली आहे. फाईल संपादित करू शकणारा कोणीही ती करू शकतो. तिचा अर्थ 'मी यावर काम केले' एवढाच घ्यावा, टिप्पणी मिटल्याचा निवाडा म्हणून ती नोंदपत्रकात येता कामा नये. गेल्या वर्षीच्या पत्रकांत काही ठिकाणी अशा खुणांची मोजदाद करूनच 'होय' लिहिले गेले असावे, अशी मला शंका आहे.

तुलनेतून बदल कुठे झाला हे कळते. बदल कुठे व्हायला हवा होता आणि झाला नाही, हे कोणतीही तुलना दाखवत नाही. त्यासाठी प्रश्न हाती धरून संपूर्ण मसुदा वाचावाच लागतो. उद्यापासून ते करते.

१० फेब्रुवारी

दिवसभर टिप्पणी ७ वरच होते. या प्रबंधाचा जीव त्या टिप्पणीत आहे, म्हणून ती सविस्तर लिहिते.

प्रश्नावलीतील प्रश्न होता : "तुमच्या घरी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला जातो का?" पर्याय होते नेहमी, बहुधा, कधीकधी, नाही. प्रत्येक सोसायटीतील एका कुटुंबाने उत्तर दिले नाही, म्हणजे उत्तरे ५८ आली. त्यांपैकी ४१ कुटुंबांनी 'नेहमी' निवडले. पहिल्या मसुद्यात यावरून 'एवढी कुटुंबे नेहमी वर्गीकरण करतात' असे लिहिले होते. घरातील बादली कोणीही उघडून पाहिली नव्हती.

सुधारित मसुद्यात पृष्ठ ३१ वर, संशोधनाच्या मर्यादा या शीर्षकाखाली, चार वाक्यांचा नवा परिच्छेद आहे. तो चांगला लिहिला आहे. कचऱ्यासारख्या विषयात लोक समाजमान्य उत्तर देण्याकडे झुकतात, त्यामुळे स्वतः सांगितलेली वागणूक आणि प्रत्यक्ष वागणूक यांत अंतर असू शकते, हे त्यात स्वच्छ शब्दांत आले आहे. फक्त हे पान वाचले असते, तर मी 'उत्तर पूर्ण' असे लिहिले असते.

नंतर 'वर्गीकरण करतात' ही शब्दजोडी दोन्ही मसुद्यांत शोधली. डिसेंबरच्या मसुद्यात ती १७ वेळा होती, आताच्या मसुद्यात १४ वेळा आहे. बदललेल्या तिन्ही जागा पृष्ठ ३८ वर, चौथ्या प्रकरणाच्या आरंभी आहेत आणि तेथे 'वर्गीकरण करत असल्याचे सांगतात' असे झाले आहे. त्यापुढे सर्व पूर्ववत आहे. तक्ता ४.२ चे शीर्षक अजूनही 'वर्गीकरण करणारी कुटुंबे' असेच आहे. विद्यार्थिनीने दुरुस्ती सुरू केली आणि एका पानानंतर ती थांबली, असे दिसते. अशी अर्धवट दुरुस्ती मी पुष्कळ मसुद्यांत पाहिली आहे. टिप्पणी जेथे लावलेली असते, त्याच्या आसपासचा मजकूर बदलतो आणि तोच दोष दूरच्या पानांवर तसाच राहतो.

परंतु शब्द बदलण्यापेक्षा मोठी गोष्ट विभाग ४.४ मध्ये आहे. तेथे दोन सोसायट्यांची तुलना आहे. दारोदार संकलनाच्या सोसायटीत २९ पैकी २४ कुटुंबांनी 'नेहमी' म्हटले आणि खालच्या डब्यांच्या सोसायटीत २९ पैकी १७ कुटुंबांनी. यावरून निष्कर्ष काढला आहे की दारोदार संकलनामुळे वर्गीकरण वाढते. आता पृष्ठ ३१ वरचा नवा परिच्छेद या निष्कर्षाला लावून पाहावा. जेथे रोज सकाळी कचरावेचक ताई दारात उभी राहते आणि बादलीत काय आहे ते तिला दिसते, तेथे वर्गीकरण करायला हवे याची जाणीव अधिक असणार, आणि म्हणूनच प्रश्नावलीत 'नेहमी' असे सांगण्याचा ओढाही अधिक असणार. म्हणजे २४ आणि १७ यांतला फरक वागण्यातला असू शकतो, सांगण्यातला असू शकतो किंवा दोन्हींचा मिळून असू शकतो. विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेली मर्यादा तिच्या मुख्य निष्कर्षालाच धक्का देते, पण ४.४ मध्ये त्या मर्यादेचा उल्लेखही नाही. पृष्ठ ३१ ला जे माहीत आहे, ते पृष्ठ ४७ ला माहीत नाही.

याचा अर्थ तिला पुन्हा क्षेत्रकार्य करावे लागेल असा नाही. सहा मुलाखतींपैकी दोन मुलाखती अशा महिलांच्या आहेत, ज्यांनी या दोन्ही सोसायट्यांत काम केले आहे. बादल्यांत आणि डब्यांत प्रत्यक्ष काय मिळते याबद्दल त्यांनी बारकाईने सांगितले आहे : ओल्या कचऱ्यात येणाऱ्या दुधाच्या पिशव्या, सुक्यात गुंडाळून टाकलेले डायपर. हे जवळजवळ प्रत्यक्ष निरीक्षणच आहे आणि ते परिशिष्टात पडून आहे. ते ४.४ मध्ये आणले असते, तर प्रश्नाला बऱ्याच अंशी उत्तर मिळाले असते. दोनच साक्षी असल्या तरी त्या सांगण्याच्या बाजूच्या नसून पाहण्याच्या बाजूच्या आहेत.

पत्रकातील नोंद आज अशी केली : "बदल आहे (पृ. ३१ नवा परिच्छेद, पृ. ३८ वर तीन दुरुस्त्या). प्रश्नाचे उत्तर अंशतः. मर्यादा मान्य केली आहे, परंतु तक्ता ४.२ चे शीर्षक, विभाग ४.४ चा निष्कर्ष आणि सारांश यांत तिचा परिणाम उतरलेला नाही." 'बदल' आणि 'उत्तर' हे दोन रकाने वेगळे केल्याबरोबर ही नोंद लिहिणे सोपे झाले. एका रकान्यात 'होय' आणि 'नाही' दोन्ही खोटे ठरले असते.

११ फेब्रुवारी

टिप्पणी १२ लहान आहे. तक्त्यात ४१ कुटुंबांचे प्रमाण ६८.३ टक्के दिले होते, म्हणजे भागाकार ६० ने केला होता, उत्तरे मात्र ५८ होती. आता तक्त्यात ७०.७ टक्के आहे, ते बरोबर आहे. पण सारांशात आणि पाचव्या प्रकरणात ६८.३ तसेच राहिले आहे. आकड्याबाबतची टिप्पणी तपासताना जुना आकडा संपूर्ण फाईलमध्ये शोधावा, एवढेच पुरते. नोंद : अंशतः, दोन जागा बाकी.

१३ फेब्रुवारी

आज दोन टिप्पण्या अशा आल्या, की दोन्हींत वरवरचे उत्तर आणि खरे उत्तर उलटसुलट होते.

टिप्पणी १५ मध्ये मी नमुना वाढवायला सांगितले होते. विद्यार्थिनीने नमुना वाढवलेला नाही. जुन्या पत्रकाच्या शिस्तीने येथे 'नाही' असे आले असते. तिने केले ते असे : शीर्षकातील 'पुणे शहरातील' हे शब्द काढून तेथे 'सिंहगड रस्त्यावरील दोन गृहसंकुलांतील' असे घातले, पाचव्या प्रकरणातील शहराविषयीची सर्व विधाने या दोन संकुलांपुरती केली आणि दोन संकुले का निवडली याचे कारण दोन परिच्छेदांत दिले. शहराविषयीचा उल्लेख कुठे राहिला आहे का हे शोधले, तो फक्त पार्श्वभूमीच्या प्रकरणात, योग्य जागी आहे. विधान आणि नमुना यांचा आवाका आता जुळतो. माझी सूचना पाळली गेलेली नाही आणि माझा प्रश्न पूर्णपणे सुटला आहे. दोन महिन्यांत आणखी घरे गाठण्यापेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा होता, हे मला मान्य आहे. नोंद : "उत्तर पूर्ण, सुचवलेल्या उपायाहून वेगळ्या मार्गाने." हा शेरा पत्रकात कायमचा ठेवायला हवा, नाहीतर विद्यार्थी परीक्षकाचे शब्द पाळण्याला प्रश्न समजण्यापेक्षा अधिक किंमत देऊ लागतील.

टिप्पणी १८ विभाग ५.३ वर होती. कचरा उचलणाऱ्या कंत्राटी यंत्रणेबद्दल तेथे पुराव्याशिवाय विधाने होती आणि मी आधार मागितला होता. विद्यार्थिनीने तो संपूर्ण विभाग काढून टाकला आहे. आधार मिळत नसेल तर विधान मागे घेणे हे योग्य उत्तर आहे, आणि वगळणे म्हणजे पळवाट असे मी मानत नाही. पण विधान वगळले, तर त्यावर उभे असलेले सर्वच वगळायला हवे. शेवटच्या शिफारशींतील तिसरी शिफारस अजूनही 'वर दाखवल्याप्रमाणे' या शब्दांनी सुरू होते, आणि वर आता काहीच दाखवलेले नाही. वगळलेल्या मजकुराची तपासणी करताना त्याच्याकडे बोट दाखवणारी वाक्ये उरली आहेत का, हे पाहिल्याशिवाय 'पूर्ण' लिहू नये. नोंद : अंशतः, शिफारस क्र. ३ निराधार राहिली आहे.

टिप्पणी ५ चा उल्लेख येथेच करते. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार घरातील कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन प्रकारांत वेगळा करायचा होता, प्रश्नावलीत मात्र दोनच प्रकार विचारले होते. प्रश्नावली भरून झालेली आहे, ती आता बदलता येणार नाही. विद्यार्थिनीने दुसऱ्या प्रकरणात नियम नीट मांडला, तिसऱ्यात स्वतःची प्रश्नावली त्याला पुरी पडत नाही असे सांगितले आणि निष्कर्षांत 'नियमांचे पालन' हे शब्द वगळून 'ओल्या-सुक्याचे वर्गीकरण' असे सर्वत्र केले. क्षेत्रकार्य झाल्यानंतरच्या मसुद्याकडून यापेक्षा अधिक मागता येत नाही. उत्तर पूर्ण.

१७ फेब्रुवारी

सर्व २१ नोंदी पेन्सिलने लिहून झाल्यावर आज उत्तरपत्रक उघडले. त्याने दोन गोष्टी केल्या.

एक म्हणजे, माझी एक नोंद चुकली होती ती कळली. टिप्पणी ९ मध्ये मी कुटुंबांची निवड कशी केली असे विचारले होते आणि मसुद्यात उत्तर सापडले नाही म्हणून 'नाही' लिहिले होते. उत्तर परिशिष्ट 'ब' मध्ये होते, मजल्यागणिक निवडीच्या तक्त्यासह. मी परिशिष्टे चाळली होती, वाचली नव्हती. नोंद 'पूर्ण' अशी बदलली आणि बदलाची तारीख व कारण शेजारी लिहिले, जुनी नोंद खोडून टाकली नाही. त्यामुळे उत्तरपत्रक नंतर वाचावे, पण वाचावेच, हा क्रम पक्का करते.

दुसरी गोष्ट म्हणजे उत्तरपत्रकातील भाषा. टिप्पणी ७ पुढे तिने लिहिले आहे : "मॅडम, आपण सांगितल्याप्रमाणे मर्यादा जोडली आहे." मी मर्यादा जोडायला सांगितलेच नव्हते, मांडणी बदलायला सांगितले होते. तिने टिप्पणीचा अर्थ काय लावला हे या एका वाक्यातून उघड होते. तिने टाळाटाळ केलेली नाही, प्रश्न तिच्यापर्यंत अर्धाच पोहोचला. अंशतः या नोंदीखाली आता मी हेही लिहिते : "टिप्पणीचे शब्द मोघम असल्याने अर्थ मर्यादित घेतला गेला." याने नोंद बदलत नाही, पण पुढच्या परीक्षकाला कारण कळते.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी होती. आज सहपरीक्षक सरांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी माझ्या पत्रकाशेजारी ठेवली. २१ पैकी १५ नोंदी जुळल्या. न जुळलेल्या सहांपैकी चार नोंदींत एकाने 'पूर्ण' आणि दुसऱ्याने 'अंशतः' लिहिले होते. त्यांत टिप्पणी ७ होतीच. सरांनी तिला 'पूर्ण' म्हटले होते.

"मर्यादा इतक्या नेमक्या शब्दांत मान्य केल्यावर आणखी काय हवे?" असे ते म्हणाले. मी त्यांना ४.४ उघडून दाखवले आणि विचारले, "सर, हा निष्कर्ष वाचणाऱ्याला पृष्ठ ३१ वाचले नसेल तर काय कळेल?" त्यांनी ते पान दोनदा वाचले आणि नोंद बदलली. पण त्यांनी मलाही एक गोष्ट सांगितली. टिप्पणी ११ मला 'अंशतः' वाटली होती, कारण विद्यार्थिनीने जे लिहिले त्याहून चांगले लिहिता आले असते. "तुमचा प्रश्न होता की शब्दांची व्याख्या दिली आहे का. ती दिली आहे. ती तुम्हाला आवडली नाही, हा वेगळा मुद्दा झाला," असे सर म्हणाले. ते बरोबर आहे. प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर उत्तराच्या दर्जाचे गुण दर्जाच्या निकषाखाली जातात, टिप्पणीच्या नोंदीत ते घुसवू नयेत. नोंद 'पूर्ण' केली.

'पूर्ण' आणि 'अंशतः' यांच्या सीमेवरच वाद होतात, म्हणून पत्रकात एक अट घातली : 'अंशतः' लिहिणाऱ्याने नेमके काय आणि कोणत्या पृष्ठावर बाकी आहे हे लिहिलेच पाहिजे. ते लिहिता आले नाही, तर नोंद 'पूर्ण' धरावी. सरांच्या उरलेल्या नोंदी या अटीने पाहिल्या आणि आणखी दोन मतभेद लगेच मिटले. उरलेल्या दोन नोंदींवर आम्ही सहमत नाही. तेथे दोन्ही मते सह्यांसह तशीच ठेवली आहेत.

२४ फेब्रुवारी

गुणांचा प्रश्न आज घेतला. '२१ पैकी अमुक इतक्या पूर्ण' अशी बेरीज करून त्यावर गुण देण्याची सूचना विभागात आली होती. मी तिला विरोध केला आणि कारण लेखी दिले. या यादीत टिप्पणी ७ आणि समासाबाबतची टिप्पणी यांचे वजन सारखे होते. चारही भाषिक दुरुस्त्या करून मुख्य निष्कर्ष तसाच ठेवणारा प्रबंध अशा बेरजेत वर जाईल. शिवाय ज्याला आधी कमी टिप्पण्या मिळाल्या, त्याची बेरीज आपोआप चांगली दिसेल. गुण अंतिम मसुद्याला, ठरलेल्या निकषांवर द्यायचे आहेत. टिप्पणी-नोंदपत्रक हा त्यामागचा पुरावा आहे, गुणपत्रक नाही. ४.४ मधील अनिर्णित निष्कर्षामुळे विश्लेषणाच्या निकषाखाली गुण कमी होतील, आणि ते का कमी झाले हे सांगताना नोंद ७ चा हवाला देता येईल.

सुधारित मसुद्यात मला दोन नव्या त्रुटी दिसल्या. एक, नव्या परिच्छेदातील एका संदर्भाचे वर्ष यादीशी जुळत नाही. दुसरी, प्रश्नावलीच्या भाषांतरासंबंधीची, पहिल्या मसुद्यातही होती, पण तेव्हा माझ्या नजरेतून सुटली. या दोन्ही 'नवे निरीक्षण' या वेगळ्या भागात लिहिल्या. जुन्या टिप्पणीच्या ओळीत त्या घुसवल्या, तर विद्यार्थिनीने न ऐकलेल्या मागणीसाठी तिला 'अंशतः' मिळते, आणि ते अन्याय्य आहे. दुसऱ्या त्रुटीपुढे 'पहिल्या तपासणीत राहून गेलेली' असे स्पष्ट लिहिले.

२७ फेब्रुवारी

विद्यार्थिनीला बोलावून पत्रक समोर ठेवले. टिप्पणी ७ वर आल्यावर मी तिला ४.४ वाचायला दिले आणि विचारले, "अगं, हे वाक्य तुझ्या पृष्ठ ३१ वरच्या परिच्छेदाला धरून आहे का?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नाही मॅडम, हे तर त्याच्या विरुद्ध आहे." तिला मर्यादा म्हणजे शेवटी जोडायचा मजकूर असे वाटत होते. परिशिष्टातील त्या दोन मुलाखती तिने स्वतःच काढून दाखवल्या.

सोमवारपर्यंत ती फक्त 'अंशतः' नोंदींवर काम करून पाने परत देणार आहे. मी त्या पानांची तपासणी याच क्रमाने करीन, उत्तरपत्रक शेवटी उघडून.

३ मार्च

पाने आली. तक्ता ४.२ चे शीर्षक आता 'नेहमी वर्गीकरण करत असल्याचे सांगणारी कुटुंबे' असे आहे. 'वर्गीकरण करतात' ही शब्दजोडी दोन ठिकाणी उरली आहे आणि दोन्ही ठिकाणी ती कचरावेचक महिलांच्या उद्गारांत आहे, तेथे ती योग्यच आहे. विभाग ४.४ मध्ये २४ आणि १७ यांतील फरक सांगण्यातला असू शकतो हे आधी मांडले आहे. नंतर दोन मुलाखतींतील निरीक्षणे दिली आहेत आणि निष्कर्ष 'दारोदार संकलनामुळे वर्गीकरण वाढते' याऐवजी 'दारोदार संकलन असलेल्या सोसायटीत वर्गीकरण अधिक असल्याचे रहिवासी सांगतात आणि दोन्हीकडे काम केलेल्या दोन कचरावेचकांच्या अनुभवाशी ते जुळते' असा झाला आहे. सारांशही त्याप्रमाणे बदलला आहे, ६८.३ हा आकडा कुठेही राहिलेला नाही आणि तिसरी शिफारस मागे घेतली आहे.

टिप्पणी ७ ची अंतिम नोंद : "बदल आहे (पृ. ३१, ३८ ते ४९, सारांश). उत्तर पूर्ण, ३ मार्च. १० फेब्रुवारीची 'अंशतः' ही नोंद कायम ठेवली आहे."